डावीकडे, पण कोणाच्या डावीकडे?

मिरजेच्या एका हॉस्पिटलात मी स्टाफ नर्स आहे. यूकेत नर्स म्हणून नोंदणी करायची, तर तिथल्या कौन्सिलला आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत, लिसनिंगच्या म्हणजे ऐकण्याच्या भागात, ७ बँड लागतो. ४० प्रश्नांपैकी साधारण ३० बरोबर आले की ७ मिळतो. माझी गाडी सरावात २६-२७ वर अडकली होती. एका रविवारी मी जुन्या सराव पेपरांतल्या चुका वहीत मांडल्या, तेव्हा दिसलं की दर पेपरात तीन-चार मार्क एकट्या नकाशाच्या प्रश्नात जात होते. एरवी ऐकलेलं मला कळत होतं. नकाशा समोर आला की मात्र सगळं उलटंपालटं व्हायचं.

हा प्रश्न बहुतेकदा दुसऱ्या भागात येतो. एकच माणूस बोलत असतो आणि एखाद्या बागेची, म्युझियमची किंवा क्रीडा संकुलाची माहिती देतो. नकाशावर ए, बी, सी अशी अक्षरं असतात, खाली पाच-सहा ठिकाणांची नावं. कुठलं नाव कुठल्या अक्षराचं, ते सांगायचं. नावांपेक्षा अक्षरं जास्त असतात आणि ऑडिओ एकदाच लागतो.

ज्या नकाशाने माझे डोळे उघडले, तो एका शेतावरच्या पर्यटन केंद्राचा होता. प्रवेशद्वार कागदाच्या वरच्या बाजूला, मधोमध. तिथून वाट सरळ खाली तळ्यापर्यंत येते. वाटेच्या दोन बाजूंना दोन इमारती: कागदाच्या डाव्या हाताला ए, उजव्या हाताला बी. ऑडिओत बाई म्हणाल्या की आत आलात की गिफ्ट शॉप ही तुमच्या डावीकडची पहिली इमारत. मी लगेच ए लिहिलं. पुढे त्या म्हणाल्या, तळ्यापाशी डावीकडे वळा, छोटा पूल ओलांडला की लगेच उजव्या हाताला कॅफे. मी कागदाच्या डाव्या भागात पूल शोधत बसले. तिकडे पूलच नव्हता. शोधाशोधीत पुढचं नावही निघून गेलं.

उत्तरं बघितली, तर गिफ्ट शॉप बी होतं. मला वाटलं, छपाईचीच चूक असणार. दुसऱ्या दिवशी ड्युटीवर, एका पेशंटच्या डाव्या हाताला सलाइन लावायचं होतं. मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते, त्यामुळे त्यांचा डावा हात माझ्या उजवीकडे होता. इतक्या वर्षांत मला हे कधी ठरवावं लागलं नाही. डावा म्हणजे पेशंटचा डावा, हे ट्रेनिंगच्या पहिल्या वर्षातच अंगात मुरलेलं. तिथेच उलगडा झाला. नकाशातलं डावं-उजवंही चालणाऱ्याचं असतं, कागद बघणाऱ्याचं नसतं. प्रवेशद्वार वर असेल तर माणूस माझ्याकडे तोंड करून खाली चालत येतो, म्हणून त्याचं डावं माझ्या उजवीकडे.

संध्याकाळी तोच नकाशा परत घेतला. पेन्सिलचं टोक प्रवेशद्वारावर ठेवलं आणि त्याला चालवत खाली आणलं. चालताना डावा हात कुठे, हे दर वळणावर स्वतःला विचारलं. डावी इमारत बी आली. तळ्यापाशी डावीकडे वळले, म्हणजे कागदावर उजवीकडे, पूर्वेला. पूल तिथेच होता! पुलापाशी तीन अक्षरं होती. डी पुलाच्या अलीकडे. ई आणि एफ पलीकडे, ई वाटेच्या वर आणि एफ खाली. पूर्वेकडे तोंड करून चालणाऱ्याचा उजवा हात दक्षिणेला, म्हणजे कागदावर खाली. उत्तर एफ. तेव्हापासून मी एक खूण धरली: सांगितलेली वस्तू नकाशावर त्या बाजूला दिसलीच नाही, तर आपली दिशा चुकली. शोधत बसायचं नाही, टोक मागच्या वळणावर आणायचं.

उरलेल्या चुका शब्दांच्या होत्या. धाकटा भाऊ मला ट्रान्सक्रिप्ट वाचून दाखवायचा, तेव्हा त्या एकेक सापडल्या. सगळ्यात फसवा शब्द ‘पास्ट’. भरभर बोलताना शेवटचा ‘ट’ ऐकूच येत नाही, कानावर ‘पास द ब्रिज’ पडतं आणि हिंदीच्या सवयीने मन त्याचा अर्थ ‘पुलाजवळ’ असा लावतं. मी पुलाला लागून असलेलं अलीकडचं अक्षर लिहायचे. ‘जस्ट पास्ट’ म्हणजे ओलांडून लगेच पलीकडे, ‘जस्ट बिफोर’ म्हणजे पोचण्याआधी, अलीकडे. आपण रोज रस्ता सांगताना ‘स्टँडच्या अलीकडे, देवळाच्या पलीकडे’ म्हणतो, अगदी तेच. हे दोन शब्द मनात मराठीत धरल्यावर ती चूक थांबली.

‘समोर’ने मात्र उलटा त्रास दिला. ‘ऑपोझिट’लाही आपण समोर म्हणतो आणि ‘इन फ्रंट ऑफ’लाही. नकाशावर त्या दोन वेगळ्या जागा असतात. लायब्ररीच्या ऑपोझिट म्हणजे वाटेच्या पलीकडे, तोंडाला तोंड करून. इन फ्रंट ऑफ म्हणजे लायब्ररीच्या पुढ्यात, तिच्याच बाजूला. मी ‘समोर’ शब्द टाकूनच दिला. एकाला ‘रस्त्यापलीकडे’, दुसऱ्याला ‘पुढ्यात’. आणि ‘राइट’ ऐकलं की उजवीकडे पळायचं नाही. ‘राइट नेक्स्ट टू’ म्हणजे अगदी शेजारी, त्यात उजव्या हाताचा काही संबंध नाही.

ऑडिओ सुरू होण्याआधी थोडा वेळ मिळतो. आधी मी तो नावं वाचण्यात घालवायचे. पण नावं ऑडिओत त्याच क्रमाने येतात, ती घाईने पाठ करायची गरज नसते. मी तो वेळ नकाशाला देऊ लागले. आधी प्रवेशद्वार किंवा ‘यू आर हिअर’ शोधायचं, मग उत्तरेचा बाण आहे का बघायचं. मग दोन-तीन अक्षरांची जागा मनात इंग्रजीत म्हणायची: ई पुलाच्या पलीकडे, एच ईशान्य कोपऱ्यात. काही वेळा वर्णन आधी येतं आणि नाव शेवटी, तेव्हा ही तयारी फार कामी येते. ‘पूर्वी इथे होतं, आता हलवलंय’ असंही सांगतात. म्हणून वाक्य संपेपर्यंत अक्षर पक्कं करायचं नाही.

माझी परीक्षा कंप्युटरवर होती. स्क्रीनवरच्या नकाशावर पेन्सिल कशी चालवणार, ही मोठी काळजी होती. म्हणून आधीचे दोन आठवडे मी माउसचा बाण पेन्सिलसारखा चालवायचा सराव केला. परीक्षेत एक नाव निसटलं. मी त्याच्यामागे गेले नाही. बोलणारा माणूस परत प्रवेशद्वारापासून सांगू लागला, तसा बाण तिथे नेला आणि त्याच्याबरोबर चालू लागले. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, म्हणून निसटलेल्या जागी शेवटी उरलेल्या अक्षरांतलं एक भरून टाकलं.

लिसनिंगला ७.५ आले. नोंदणीचे कागद आता भरतेय.