रुमाल, पुडकं, कागद

वाचलेलं आठवतं, पण कुठं वाचलं ते आठवत नाही. जुन्या कागदांवर काम करणाऱ्या अभ्यासकाला विचारलं तर तो सांगतो की कागद पिवळट होता, खालच्या कोपऱ्यात शाईचा डाग होता, मजकूर डावीकडच्या पानावर होता. एवढं सगळं सांगतो, फक्त दफ्तराचं नाव आणि पानाचा आकडा सोडून. दोन महिन्यांच्या निबंधात हे खपून जातं. काम चार-पाच वर्षं चालणारं असेल, तर तळटीपा लिहायची वेळ येते तेव्हा पहिल्या वर्षी वाचलेले कागद पुन्हा हुडकण्यात आख्खा पावसाळा जाऊ शकतो. म्हणून नोंदवही पहिल्या दिवसापासून नीट हवी.

वसईच्या मोहिमेचंच घ्या. 1737 ते 1739 या दोन वर्षांचा विषय, म्हणजे तसा आटोपशीर. पण त्याचे कागद तीन ठिकाणी आहेत: मोडीतले पुण्याच्या पेशवे दफ्तरात, पोर्तुगीजांचे पणजीच्या अभिलेखागारात आणि मुंबईकर इंग्रजांच्या डायऱ्या मुंबईला. प्रत्येक ठिकाणची मांडणी वेगळी. म्हणून 'पान क्रमांक' नावाचा एकच रकाना आखलेली नोंदवही पहिल्या आठवड्यातच अपुरी पडते.

पुण्यात कागदाचा पत्ता पानानं लागत नाही. आधी दफ्तर, त्यात रुमाल म्हणजे कापडात बांधलेला गठ्ठा, रुमालात पुडकं, पुडक्यात कागद. यातला एक टप्पा गाळला तरी पत्ता निकामी होतो, कारण 'पुडकं 3' प्रत्येक रुमालात असतं. हा पत्ता लिहायची योग्य वेळ म्हणजे रुमाल टेबलावर आल्याबरोबर, गाठ सोडायच्या आधी. एकदा वाचनात डोकं गुंतलं की 'नंतर लिहू' म्हणून राहिलेलं नंतर लिहून होत नाही, आणि रुमाल परत गेला की वेष्टनावरचा आकडाही त्याच्याबरोबर जातो. फोटो काढायची परवानगी असेल तर प्रत्येक पुडक्याचा पहिला फोटो त्याच्या चिठ्ठीचा घ्यावा. मग पुढचे फोटो कुणाचे हे महिन्यानंतरही कळतं. फाइलला त्याच संध्याकाळी नाव द्यावं:

```
PUNE_R014_P03_K017_1.jpg
```

म्हणजे पुण्याचं पेशवे दफ्तर, रुमाल 14, पुडकं 3, कागद 17, पहिली बाजू. आकड्यांपुढची शून्यं ठेवायची, नाहीतर काही ठिकाणी 17 हा 2 च्या आधी जाऊन बसतो.

पणजीला गेलात की वेगळीच तऱ्हा. जुन्या पोर्तुगीज बाडांत आकडा पानाला नसतो, पत्र्याला असतो. एका पत्र्याच्या दोन बाजू आणि आकडा फक्त समोरच्या बाजूवर. नुसतं '112' लिहून ठेवलं की ती नोंद दोन बाजूंपैकी कुठलीही असू शकते. '112 पु' आणि '112 मा', म्हणजे पुढची आणि मागची, एवढी सवय लावून घेतली की झालं. काही बाडांवर नंतर कुणीतरी पेन्सिलीनं दुसरे आकडे घातलेले असतात. दोन्ही दिसत असतील तर दोन्ही लिहावेत आणि जुना कुठला, पेन्सिलीचा कुठला हेही.

छापील साधनं सोपी वाटतात आणि तिथंच लोक बेसावध राहतात. पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांचे 45 खंड इतिहासकार गो. स. सरदेसाईंनी छापले. त्यांतला 16 वा वसईच्या मोहिमेचा. अशा संग्रहांत पृष्ठाइतकाच, किंबहुना जास्त, लेखांक महत्त्वाचा. पुनर्मुद्रणात पानं सरकतात, लेखांक सहसा जागचा हलत नाही. दुसरं असं, की पत्राच्या डोक्यावर छापलेली इंग्रजी तारीख बहुतेक वेळा संपादकानं बसवलेली असते. मूळ पत्रात पुष्कळदा नुसती तिथी असते, वर्ष नसतं. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला वर्ष ठाऊक होतं, मग ते लिहायचं कशाला? संपादकाची तारीख चुकीची असतेच असं नाही. पण ती त्याचा तर्क आहे, पत्रातला मजकूर नाही, आणि हा फरक वहीत दिसला पाहिजे.

खरा घोळ तारखांचा. वसईच्या किल्ल्याचा तह इंग्रजी कागदांप्रमाणे 5 मे 1739 चा आणि पोर्तुगीज कागदांप्रमाणे 16 मे 1739 चा. दिवस एकच. पोर्तुगीज नवीन, ग्रेगोरियन पंचांग वापरत होते, इंग्रज 1752 पर्यंत जुनंच धरून बसले होते, आणि त्या शतकात दोहोंत 11 दिवसांचं अंतर होतं. शिवाय इंग्रजांचं कायदेशीर वर्ष तेव्हा 25 मार्चला सुरू व्हायचं. त्यामुळे मुंबईच्या एखाद्या कागदावर '5 फेब्रुवारी 1738' दिसलं आणि लिहिणारा ती रीत पाळणारा असला, तर आपल्या हिशेबानं ती 16 फेब्रुवारी 1739 ठरते. एक वर्ष आणि 11 दिवस! नोंद थेट 1738 खाली पडली तर वेढा पडल्यानंतरची बातमी वेढ्याच्या वर्षभर आधी येते, आणि मुंबईकरांना भविष्य दिसत होतं असा निष्कर्ष निघतो.

मराठी कागदांचं गणित आणखी निराळं. शके 1661 मध्ये 78 मिळवले की 1739 येतं, पण जानेवारीपासून पाडव्यापर्यंत 79 मिळवावे लागतात. शुहूर सन, म्हणजे मराठी कागदांत अरबी आकड्यांनी लिहिलेला सन, मृग नक्षत्राला, जूनच्या सुरुवातीला बदलतो. त्यात मृगापासून डिसेंबरअखेर 599 आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत 600 मिळवायचे. 'सन तिसा सलासीन' म्हणजे 9 आणि 30, पूर्ण लिहिलं तर मया व अलफ, म्हणजे 100 आणि 1000, जोडून 1139. तह मे महिन्यातला, मृगाच्या आधीचा, म्हणून 600 मिळवून 1739. महिनाभरानंतरचा कागद 'सन अर्बैन' म्हणेल, तेव्हा 1140 मध्ये 599 मिळवले की पुन्हा 1739 च. ज्यानं सरसकट 600 मिळवले, त्याचं पावसाळ्यातलं प्रत्येक पत्र एक वर्ष पुढं जातं आणि तपासायला बसेपर्यंत ते लक्षातही येत नाही.

यावर उपाय एकच: तारखेला दोन रकाने. पहिल्यात कागदावर जे आहे तेच, जसंच्या तसं, चंद्राच्या तारखेआधी येणारा 'छ' आणि चंद्राचा महिना यांसकट. दुसऱ्यात आपण काढलेली तारीख आणि ती कशी काढली हे दोन शब्दांत: 'जुनी + 11', 'शुहूर + 600', 'संपादकाची'. पहिला रकाना कधीही बदलायचा नाही. गणित चुकलं तर दुसरा बदलता येतो. पहिलाच हरवला तर पुन्हा पुण्याची नाहीतर पणजीची गाडी पकडायची.

वही की एक्सेल, हा वाद घालण्यात अर्थ नाही. अभिलेखागारात बऱ्याचदा पेन्सिल आणि कागद एवढ्यालाच परवानगी असते, आणि शोधायला संगणकासारखं दुसरं साधन नाही. म्हणून तिथं वही, घरी तक्ता. मात्र एक्सेलचा शहाणपणा आधी आवरावा. '3-5' असं पान लिहिलं की ते त्याची तारीख करून टाकतं आणि पानं 3 ते 5 ची 3 मे होते. 1900 च्या आधीची तारीख त्याला तारीख वाटतच नाही. भरायला सुरुवात करायच्या आधी सगळे रकाने निवडून त्यांचा प्रकार Text करावा आणि काढलेली तारीख 1739-05-16 अशी, वर्ष आधी घालून लिहावी. मग ती मजकूर असूनही क्रमानं लागते.

नोंदीच्या मजकुरात तीन आवाज असतात आणि ते वेगळे ओळखू आले पाहिजेत. कागदातले शब्द अवतरणचिन्हांत. आपण केलेला गोषवारा 'सा.' अशा खुणेनं. आपलं मत किंवा शंका 'म.' या खुणेनं. खुणा कुठल्याही चालतील, पण काम संपेपर्यंत त्याच ठेवाव्यात. नाहीतर तीन वर्षांनी आपलंच एखादं वाक्य चिमाजीअप्पांच्या तोंडी जातं. गोषवारा मूळ भाषेच्या जवळ राहिला की असा अपघात हटकून होतो, म्हणून गोषवारा मुद्दाम आजच्या मराठीत लिहावा. मोडीच्या बाबतीत चौथी खूणही लागते. मोडीत शब्द तोडून लिहिलेले नसतात आणि ऱ्हस्व-दीर्घ पाळलेलं नसतं, त्यामुळे वाचन हाच एक निर्णय असतो. जिथं अक्षर लागलं नाही तिथं चौकोनी कंसात प्रश्नचिन्ह टाकून पुढं जावं. अंदाजानं भरलेली जागा तासाभरानं खात्रीची वाटायला लागते.

सुचलेल्या कल्पना कुठं लिहायच्या? त्याच नोंदवहीत, नवा क्रमांक देऊन, आणि कुठल्या नोंदीवरून सुचलं ते सांगून. एक उदाहरण: वेढ्याच्या काळात मुंबईकर इंग्रजांनी पोर्तुगीजांना 15,000 रुपये कर्जाऊ दिले, आणि तारण म्हणून चर्चमधली चांदीची भांडी व पितळी तोफा घेतल्या. हे वाचताना प्रश्न पडतो की पोर्तुगीज कागदांत या व्यवहाराला मदत म्हटलंय की सावकारी? 'इंग्रजांची भूमिका, विचार करणे' असं लिहून ठेवलं तर सहा महिन्यांनी त्यातून काहीही उमगत नाही. त्याऐवजी असं लिहावं: 'नोंद 214 वरून. कर्जाची अट पोर्तुगीज बाजूनं कशी नोंदली? पणजी, 1739 ची बाडं, फेब्रुवारी ते मे (नवीन). सापडलं तर इथं क्रमांक टाकणे.' शेवटचा 'क्रमांक टाकणे' हा भाग विसरू नये. महिन्याच्या अखेरीला रिकामे राहिलेले क्रमांक चाळले की पुढच्या खेपेला कुठले कागद मागवायचे त्याची यादी आयती तयार होते.

न सापडलेल्याचीही नोंद हवी, आणि नेमकी हीच बहुतेक वह्यांत नसते. 'रुमाल अमुक, पाहिला, काही नाही' एवढं पुरत नाही. काय शोधत होतो तेही लिहावं. दारूगोळ्याचा हिशेब शोधत रुमाल चाळला असेल, तर त्यात जखमींची यादी नव्हती असं म्हणता येत नाही. ती नजरेखालून गेली असेल आणि तेव्हा कामाची वाटली नसेल. सूचीत शोधलं असेल तर कुठल्या नावानं शोधलं तेही हवं. वसई पोर्तुगीजांकडे बसाईं होते, इंग्रजांकडे बॅसीन आणि जिंकल्यानंतरच्या मराठी कागदांत कधी बाजीपूर. वहीच्या पहिल्या पानावर अशी नावांची जंत्री ठेवावी आणि नवं रूप दिसलं की तिथं चढवावं. एका रूपावर शोधून 'नाही' लिहिलेली नोंद बाकीच्या रूपांपुरती उघडीच असते.

क्रमांक पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत सलग ठेवावेत. वही बदलली, वर्ष बदललं, तरी पुन्हा एकपासून सुरुवात नको. कारण लिखाण सुरू झालं की मसुद्यात तळटीप लिहायचीच नसते, नुसतं [नों. 412] टाकायचं असतं. 'तत्रैव', म्हणजे 'वरच्याच ग्रंथात', हे तर मसुद्यात अजिबात नको. परिच्छेद वरचा खाली गेला, मध्ये एक नवं वाक्य आलं, की 'तत्रैव' भलत्याच ग्रंथाकडे बोट दाखवायला लागतो, आणि ते वाचणाऱ्याला कळतं, लिहिणाऱ्याला नाही. क्रमांकांच्या जागी पूर्ण संदर्भ भरायचं काम सगळ्यात शेवटी, प्रकरण हलायचं थांबल्यावर करावं. त्या वेळी प्रत्येक अवतरण फोटोशी पुन्हा ताडून पाहावं. जे क्रमांक मसुद्यात कुठंच आले नाहीत ते पुसू नयेत, पुढच्या लेखाला लागतात.