थीटा कशाचा द्यायचा : ४ जून २०२४ चा एक हिशेब

लोकसभेच्या मतमोजणीला दीडेक आठवडा उरला असताना, २४ मे २०२४ च्या शुक्रवारी, आमच्या डेस्कवर निफ्टीचे २२,९५० चे स्ट्रॅडल घेतले गेले. २७ जूनला संपणारे चाळीस लॉट होते, म्हणजे त्या स्ट्राइकचे चाळीस कॉल आणि चाळीस पुट. निफ्टीचा लॉट तेव्हा २५ चा होता, त्यामुळे एकूण संख्या १,००० झाली आणि हिशेबाला सोपी पडली. पुढच्या घडामोडी मी ब्लॅक-शोल्सच्या सूत्राने आणि पूर्णांकात मांडतो आहे, व्याजदर बाजूला ठेवला आहे, आणि आयव्हीसाठी, म्हणजे ऑप्शनच्या किमतीत धरलेल्या वार्षिक चढउताराच्या टक्क्यासाठी, त्या त्या दिवशीचा इंडिया व्हिक्स हा निर्देशांक धरला आहे. प्रत्यक्ष व्यवहारात भाव थोडे इकडेतिकडे होतातच, पण त्याने मुद्दा बदलत नाही.

निफ्टी २२,९५७ वर बंद झाली होती आणि आयव्ही साधारण २२ टक्के होती. एका स्ट्रॅडलची किंमत सुमारे १,२३० पॉइंट येत होती, म्हणजे पूर्ण पोझिशनसाठी बारा लाख तीस हजार रुपये. स्क्रीनवर थीटा, म्हणजे केवळ दिवस सरल्याने होणारी झीज, दिसत होता दिवसाला उणे अठरा हजार. शेजारी बसणारा आमच्याकडचा नवा मुलगा तो आकडा पाहून म्हणाला, "सर, बाजार जागेवर राहिला तर रोज अठरा हजार जाणार. मग हे विकायलाच का नको?"

मी त्याला त्याच ओळीतला गॅमाचा आकडा दाखवला. तो होता ०.५१८, म्हणजे निफ्टी १०० पॉइंट हलली की आमचा डेल्टा, म्हणजे निफ्टीच्या एका पॉइंटमागे पोझिशनला होणारा रुपयांतला फायदा-तोटा, जवळपास ५२ ने बदलणार, आणि तो पुन्हा शून्यावर आणायला फ्युचर्सचे दोन लॉट लागणार. बाजार वर गेला की डेल्टा आपोआप वाढतो आणि आपण फ्युचर्स विकतो. खाली आला की डेल्टा उणे होतो आणि आपण विकत घेतो. वर विकायचे आणि खाली घ्यायचे, हे गॅमा ज्याच्याकडे असतो त्याला कोणताही अंदाज न बांधता करता येते. विकणाऱ्याला नेमके उलटे करावे लागते : वर गेल्यावर घ्यायचे, खाली आल्यावर विकायचे, आणि प्रत्येक फेरीत थोडे गमवायचे. एवढी सोय बाजार फुकट देईल तर सगळेच ती घेऊन बसतील. थीटा म्हणजे त्या सोयीचे रोजचे भाडे. ते किती असावे हेही कोणी मनाने ठरवत नाही, कारण डेल्टा हेज केलेल्या, म्हणजे शून्यावर आणलेल्या, पोझिशनचा एका दिवसाचा हिशेब, Γ गॅमा, S निफ्टीची पातळी, ΔS तिची दिवसाची हालचाल आणि σ आयव्ही धरली तर, इतकाच असतो :

नफा ≈ ½ × Γ × (ΔS² − σ²S²/365)

कंसातला पहिला भाग म्हणजे बाजार प्रत्यक्षात जेवढा हलला त्याचा वर्ग, आणि दुसरा म्हणजे बाजार जेवढा हलेल असे ऑप्शनच्या किमतीत धरलेले आहे त्याचा वर्ग. हा दुसरा भाग ½ × Γ ने गुणला की जे येते तोच थीटा. गॅमा दुप्पट केला की थीटाही दुप्पट होतो, आणि एक ठेवून दुसरा काढता येत नाही. आमच्या आकड्यांत बरोबरीची हालचाल २६४ पॉइंट येत होती. त्यापेक्षा कमी हलले तर विकणारा जिंकणार, जास्त हलले तर आम्ही.

पुढचा आठवडा विकणाऱ्याचा होता. सोमवारी निफ्टी २५ पॉइंट हलली आणि मंगळवारी ४४. वर्गाचा खेळ इथे फार निर्दय असतो : २५ पॉइंटांच्या हालचालीतून गॅमाने आम्हाला मिळाले सुमारे १६० रुपये, आणि शनिवार-रविवार धरून थीटा गेला होता चोपन्न हजार. बुधवारी १८३, गुरुवारी २१६ आणि शुक्रवारी ४२ पॉइंट. एकाही दिवशी बरोबरीचा आकडा गाठला गेला नाही. आठवड्याची गॅमाची कमाई बावीस हजारांच्या आत राहिली आणि सूत्रातला थीटा सव्वा लाखाहून अधिक झाला.

तरीही ३१ मे रोजी आमचा तोटा त्या फरकाएवढा दिसत नव्हता, आणि हा भाग मला ४ जूनइतकाच महत्त्वाचा वाटतो. आयव्ही त्या काळात २२ वरून साडेचोवीस टक्क्यांपर्यंत चढली होती. निफ्टी त्याच पातळीवर धरली तर १,२३० चा स्ट्रॅडल आठवड्याने १,२२० च्या आसपास निघत होता. म्हणजे स्क्रीनवरचा थीटा झिजल्याचे सांगत होता, आयव्हीच्या बदलाचा परिणाम मोजणारा व्हेगा वाढल्याचे सांगत होता, आणि दोन्ही एकत्र धरले तर जवळजवळ काहीच घडले नव्हते. सूत्र हालचाल सगळ्या दिवसांत सारखी वाटून टाकते, पण बाजाराला ठाऊक होते की जूनच्या स्ट्रॅडलमधल्या हालचालीचा मोठा हिस्सा निकालाच्या एक-दोन दिवसांत बसला आहे. त्याआधीचे दिवस संपल्याने त्या हिश्शाला धक्का लागत नव्हता. उरलेले दिवस कमी झाल्यामुळे सरासरी मात्र वर सरकत होती. निकाल, अर्थसंकल्प किंवा रिझर्व्ह बँकेचे धोरण समोर असताना स्क्रीनवरचा थीटा जसाच्या तसा खरा मानून "रोज इतके मिळते" म्हणत विकणाऱ्यांची फसगत होते ती इथेच. शांत दिवसांचे भाडे थोडे असते, बाकीचे सगळे घटनेच्या दिवशी एकदम आकारले जाते.

१ जूनच्या संध्याकाळी एक्झिट पोल आले. सोमवारी, ३ जूनला, निफ्टी ७३३ पॉइंट वाढून २३,२६४ वर बंद झाली. मुलगा खुश होता, कारण बरोबरीच्या आकड्याच्या अडीचपटीहून मोठी हालचाल झाली होती. गॅमाचे सुमारे एक लाख चाळीस हजार मिळाले हे खरे, पण तीन दिवसांचा थीटा जवळपास अडुसष्ट हजार होता आणि व्हिक्स साडेचोवीसवरून २१ वर उतरल्यामुळे व्हेगाने पावणेदोन लाख नेले. इतकी मोठी तेजी होऊनही पोझिशन लाखभराच्या आसपास तोट्यात गेली. एक्झिट पोलनंतर बाजाराने निकाल कळला असे मानले आणि उद्याच्या हालचालीची किंमत कमी केली. मुलाला मी इतकेच म्हणालो की, आता आपला गॅमा वाढला आहे आणि बरोबरीचा आकडा २५६ पॉइंटांवर उतरला आहे, म्हणजे तीच वस्तू आज स्वस्त झाली आहे. बंद होताना डेल्टा २२० होता, त्यासाठी फ्युचर्सचे नऊ लॉट विकून ठेवले.

४ जूनला मतमोजणी सुरू झाल्यावर कल एक्झिट पोलप्रमाणे नाहीत हे जसजसे दिसू लागले तसतशी निफ्टी घसरत गेली. दिवसाचा तळ २१,२८१ ला लागला आणि बंद झाली २१,८८४ वर, आदल्या दिवसापेक्षा १,३७९ पॉइंट खाली.

हा आकडा बरोबरीच्या २५६ च्या साधारण पाच पट होता. नेमके म्हणायचे तर ५.४ पट. पण पैसे वर्गाने मिळतात आणि ५.४ चा वर्ग २९ येतो. त्या एका दिवसाने एकोणतीस दिवसांचा थीटा चुकता केला. रुपयांत गॅमाचे जवळपास पावणेसहा लाख आले आणि दिवसाचा थीटा वीस हजार गेला. व्हिक्स पुन्हा २१ वरून पावणेसत्तावीसच्या आसपास गेल्याने वरचे सुमारे एक लाख नव्वद हजार व्हेगाचे. दिवसभरात एकही हेज न करता, केवळ बंद भावावर मांडलेला हा हिशेब आहे.

हेज कुठे केले यावर मात्र बरेच अवलंबून होते, आणि त्या दिवशी ज्याने वहीतल्या नियमाप्रमाणे ठरावीक अंतराने हेज केले त्याला कमी मिळाले असणार. २२,६५० ला घेतलेला फ्युचर्सचा एक लॉट बंद होईपर्यंत एकोणीस हजारांच्या तोट्यात होता, कारण बाजार तिथून सरळ खाली गेला. २१,४०० ला घेतलेला लॉट बारा हजार देऊन गेला, कारण बाजार तिथून वर आला. बंद भावापासून बंद भावापर्यंतची हालचाल सगळ्यांची एकच होती, पण वाटेत कुठे डेल्टा शून्य केला त्यावर प्रत्येकाचा नफा वेगळा ठरला. आम्ही सकाळी जाणूनबुजून हेज उशिरा केला. जिथे हालचाल एकाच दिशेची असण्याची शक्यता जास्त वाटते तिथे अंतर वाढवायचे असते, पण तो अंदाज आहे आणि त्यात डेल्टाची जोखीम घ्यावीच लागते. शिवाय घेणाऱ्या-विकणाऱ्यांच्या भावांत अंतर इतके पडले होते की दूरच्या स्ट्राइकचे ऑप्शन स्क्रीनवरच्या भावाला विकता येत नव्हते. सूत्राने काढलेला नफा आणि हातात येणारा नफा यांत त्यामुळेही फरक पडतो.

सगळे चाळीस लॉट आम्ही पुढच्या दिवसासाठी ठेवले नाहीत. बाजार बंद होण्यापूर्वी तीस विकले. मुलाला हे पटेना. इतका गॅमा हातात असताना तो का सोडायचा, असे त्याचे म्हणणे होते. पण २६ टक्क्यांपलीकडच्या आयव्हीवर बरोबरीचा आकडा तीनशे पॉइंटांवर गेला होता आणि ज्या घटनेसाठी भाडे भरले ती होऊन गेली होती. निफ्टी खाली आल्यामुळे आमचा स्ट्राइक हजार पॉइंट दूर राहिला होता, म्हणून गॅमाही आदल्या दिवसापेक्षा कमी उरला होता. एवढ्या भावात कोणी आपल्याकडून घेत असेल तर देणेच योग्य, असे मला वाटले.

५ जूनला सरकार कोणाचे येणार ते स्पष्ट होत गेले आणि निफ्टी ७३६ पॉइंट वाढून २२,६२० वर बंद झाली. व्हिक्स १९ च्या खाली कोसळला. हालचाल सोमवारइतकीच होती, बरोबरीच्या आकड्यापेक्षा कितीतरी मोठी, आणि उरलेल्या दहा लॉटवर तरीही सुमारे साठ हजारांचा तोटा झाला : गॅमाने जे दिले त्याहून जास्त आयव्हीने काढून घेतले. त्या संध्याकाळी नव्या आयव्हीवर बरोबरीची हालचाल दिवसाला २२४ पॉइंट येत होती. निकालानंतरच्या आठवड्यांत निफ्टी रोज सरासरी इतकी हलेल असे मला वाटत नव्हते, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी ते दहा लॉटही विकले.