डोक्याचा घेर १८३ मिमी

२०२४च्या जून महिन्यात पुण्यातल्या एरंडवण्यातून झिकाचे, म्हणजे डासातून पसरणाऱ्या आणि गर्भातल्या बाळाच्या मेंदूला इजा करू शकणाऱ्या विषाणूचे, पहिले रुग्ण समोर आले आणि महापालिकेच्या पथकांनी आसपासच्या गर्भवतींचे नमुने एनआयव्हीकडे, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे, पाठवायला सुरुवात केली. आम्ही गर्भाची सोनोग्राफी करणारे लोक. पॉझिटिव्ह आलेल्या बायकांची खरी तपासणी आमच्याकडे दोन-अडीच महिन्यांनी, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरात होणार हे तेव्हाच दिसत होतं. त्यातल्या एका केसबद्दल लिहितो. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय २९, पहिलंच बाळंतपण. दहाव्या आठवड्यात एक दिवस अंग कोमट, दुसऱ्या दिवशी छाती-पाठीवर बारीक लाल पुरळ, डोळे थोडे लाल, मनगटं दुखत होती. फॅमिली डॉक्टरांनी डेंगीची एनएस-१ चाचणी केली, ती निगेटिव्ह. पॅरासिटामॉल घेतलं आणि पाचव्या दिवशी बाई ऑफिसात हजर. चौथ्या दिवशी घेतलेल्या रक्त आणि लघवीच्या नमुन्यांची आरटी-पीसीआर मात्र झिकासाठी पॉझिटिव्ह आली. विसाव्या आठवड्यात दुसरीकडे केलेल्या सोनोग्राफीचा रिपोर्ट 'नॉर्मल' होता. आमच्याकडे ती २२ आठवडे २ दिवसांना आली, सोबत नवरा आणि सासूबाई.

"सुनेचा रिपोर्ट चांगला आलाय, तरी तुम्ही परत का बोलावलंत?" सासूबाईंचा प्रश्न रास्तच होता. उत्तर मशीनवरच मिळणार होतं.

आधी तारीख पक्की केली. हे कंटाळवाणं काम आहे, पण ते सोडलं तर पुढचं सगळं वाया जातं. या काळात बाळाच्या डोक्याचा घेर आठवड्याला साधारण ११ ते १२ मिमी वाढतो, म्हणजे तारीख एका आठवड्याने चुकली तर निरोगी डोकंही लहान वाटतं. तिच्याकडे बाराव्या आठवड्याची सोनोग्राफी होती. डोक्यापासून कुल्ल्यापर्यंतची लांबी ५५ मिमी, पाळीच्या तारखेशी तंतोतंत जुळणारी. तेव्हा तारखेची शंका मिटली.

मग घेर. ज्या छेदात मेंदूच्या मध्यातले दोन्ही थॅलॅमस आणि त्यांच्या पुढची ती छोटी चौकोनी पोकळी एकत्र दिसते, तोच छेद घ्यायचा आणि लंबवर्तुळ कवटीच्या बाहेरच्या कडेवर बसवायचं, कातडीवर नाही. छेद तिरका गेला की चार-पाच मिमी इकडेतिकडे होतात. तीन वेळा मोजलं, नंतर सहकारी मॅडमना माझे आकडे न सांगता मोजायला लावलं. १८३ मिमी.

नुसता हा आकडा कुणाला घाबरवणार नाही. या वयाला सरासरी २०० मिमीच्या जवळपास असते आणि एक प्रमाण विचलन, म्हणजे बाळाबाळांत असणारा सर्वसाधारण फरक, साधारण १५ मिमी. म्हणजे हे डोकं सरासरीच्या थोडं खाली, पण मायक्रोसेफली, म्हणजे प्रमाणाबाहेर लहान डोकं, म्हणण्याच्या रेषेपासून बरंच वर. गर्भात मायक्रोसेफलीचं निदान बहुतेक जण सरासरीपेक्षा तीन विचलनं खाली गेल्यावरच करतात. अडचण होती जुन्या आकड्याशी तुलना करताना. विसाव्या आठवड्यात घेर १६८ होता, सरासरी १७५. सोळा दिवसांत २६ मिमीच्या आसपास वाढायला हवा होता, वाढला १५. मांडीचं हाड आणि पोटाचा घेर दोन्ही व्यवस्थित पुढे सरकले होते. सगळं बाळ वाढत होतं, डोकं मागे पडत होतं. विसाव्या आठवड्याचा रिपोर्ट चुकीचा नव्हता. त्या दिवशी मोजून सापडण्यासारखं काही नव्हतंच.

बाळ डोकं खाली घालून होतं, म्हणून योनीमार्गे प्रोबने मेंदू जवळून पाहता आला. मेंदूतल्या पाण्याच्या कप्प्याची रुंदी दोन्हीकडे ११ मिमी, हवी १०पेक्षा कमी. आणि मेंदूचा बाहेरचा थर आतल्या पांढऱ्या भागाला जिथे मिळतो, नेमक्या त्या रेषेवर खसखशीएवढे पांढरे ठिपके, कपाळाच्या बाजूला जास्त. हे कॅल्शियमचे साठे, पेशी मेल्याच्या खुणा. जागा महत्त्वाची आहे. सीएमव्ही या दुसऱ्या नेहमीच्या विषाणूत असे ठिपके बहुधा पाण्याच्या कप्प्यांच्या भिंतीला लागून दिसतात. तरी जागेवरून निकाल देत नाहीत. आईच्या रक्तातून सीएमव्ही आणि टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी, दोन्ही तपासायला पाठवले.

खोलीतून बाहेर आल्यावर तिने विचारलं ते जवळजवळ प्रत्येक जण विचारते. "मला तर धड तापही आला नव्हता. मग बाळाला एवढं कसं?"

मोठ्या माणसात झिका सौम्य का, याचं कारण असं. डास चावल्यावर विषाणू आधी त्वचेच्या पेशींत वाढतो, मग रक्तात येतो. पेशी लगेच इंटरफेरॉन सोडतात, आजूबाजूच्या पेशी सावध होतात. झिकाचं एक प्रथिन ही धोक्याची सूचना पुढे नेणारी साखळी तोडतं, म्हणून विषाणूला थोडे दिवस मिळतात. पण आठवड्याभरात प्रतिपिंडं तयार होतात आणि रक्त साफ होतं. दर पाचपैकी चार जणांना काही कळतही नाही. प्रौढ मेंदू बचावतो, कारण त्यातल्या चेतापेशी विभाजन थांबवलेल्या, पक्क्या झालेल्या असतात आणि झिकाला असल्या पेशींत फारसा रस नसतो. क्वचित गियाँ-बारे होतो, म्हणजे पायांपासून वर चढणारा अशक्तपणा. तो बहुतांशी शरीराच्या स्वतःच्याच प्रतिकाराचा उलटा मार असतो.

गर्भात सगळं उलट आहे. दहाव्या आठवड्यात पाण्याच्या कप्प्यांच्या भिंतीलगत मूळ पेशींचा थर असतो. त्यांना रेडिअल ग्लिया म्हणतात. त्या सतत विभागतात, नव्या चेतापेशी बनवतात आणि स्वतःचा एक लांब धागा मेंदूच्या पृष्ठभागापर्यंत ताणून धरतात. मांडवाच्या दोरीवरून वेल चढावी तशा नव्या पेशी त्या धाग्यावरून वर जातात आणि बाहेरचा थर बनतो. झिकाला नेमक्या याच पेशी आवडतात. लागण झालेली पेशी विभाजनाच्या मधेच अडकते आणि मरते. एक मूळ पेशी गेली की तिच्यातून पुढे होणाऱ्या सगळ्या पेशी गेल्या, धागा तुटला की वाटेतल्या पेशी भलत्याच जागी राहिल्या. घेर लगेच का कमी होत नाही, तेही यातूनच समजतं: आज मेलेली पेशी जी पेशी पुढच्या महिन्यात देणार होती, तिची उणीव पुढच्या महिन्यातच दिसणार.

मधे वार असते, ती अडवत नाही का? अडवते. वारेचा आईच्या रक्तात बुडालेला बाहेरचा थर स्वतःच इंटरफेरॉन सोडत असतो आणि झिकाला सहसा दाद देत नाही. पण गर्भाशयात रुजणाऱ्या टोकांकडच्या पेशी तेवढ्या पक्क्या नसतात. आत गेलेला विषाणू वारेतल्या हॉफबाउअर नावाच्या भक्षक पेशींत मुक्काम करतो आणि तिथून हळूहळू बाळाकडे जात राहतो. म्हणूनच काही गर्भवतींच्या रक्तात विषाणूचा आरएनए कित्येक आठवडे सापडतो. आईला किती ताप आला याचा आणि बाळाच्या मेंदूचा संबंध जोडताच येत नाही. लक्षणं नसलेल्या आईच्या बाळालाही तेच होऊ शकतं.

हे ऐकून नवऱ्याने विचारलं, "म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या सगळ्यांच्या बाळांना?" नाही, बहुसंख्य बाळं ठीक असतात. पहिल्या तिमाहीत लागण पक्की झालेल्या मातांच्या बाळांत दोष आढळण्याचं प्रमाण अमेरिकेच्या नोंदींत ८ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान आहे. पण ठिपके, रुंदावलेले कप्पे आणि मागे पडलेला घेर एकत्र दिसल्यावर ही टक्केवारी त्यांच्या कामाची राहिली नव्हती.

पुढे दोन गोष्टी केल्या. गर्भजल काढून झिकाची आरटी-पीसीआर, आणि एमआरआय. दोन्हींच्या मर्यादा आधीच सांगाव्या लागतात. गर्भजलात आरएनए येतो आणि जातो, त्यामुळे निगेटिव्ह आलं तर लागण नाही असं म्हणता येत नाही. एमआरआयमध्ये कॅल्शियमचे ठिपके सोनोग्राफीइतके नीट दिसत नाहीत आणि बावीस आठवड्यांचा मेंदू मुळातच बराचसा गुळगुळीत असतो. वळ्या पडल्या नाहीत असं म्हणायला वेळ यावी लागते, आणि वेळ नव्हती. २० ते २४ आठवड्यांदरम्यान गर्भात गंभीर दोष असेल तर दोन नोंदणीकृत डॉक्टरांच्या मतावर गर्भपात करता येतो. २४ ओलांडले की प्रकरण वैद्यकीय मंडळाकडे. हातात बारा दिवस होते. या घाईत कुणीतरी सल्ला देतंच, "अजून चार आठवडे बघू या." वैद्यकीय दृष्ट्या तो सल्ला वाईट नाही, फक्त त्याची किंमत काय ते जोडप्याला आधी सांगायला हवं.

गर्भजल पॉझिटिव्ह आलं, सीएमव्ही-टॉक्सोप्लाझ्मा निगेटिव्ह. एमआरआयमध्ये बाहेरचा थर पातळ आणि मेंदूच्या दोन अर्ध्यांना जोडणारा पट्टा अपुरा. बाळ जन्मलं तर काय काय संभवतं ते एकेक करून सांगितलं: झटके, गिळायला त्रास, ताठर स्नायू, आखडलेले सांधे, डोळ्याच्या पडद्यावर डाग. किती प्रमाणात, हे कुणालाच आकड्यात सांगता येत नाही, तेही सांगितलं. दोघांनी २३ आठवडे ३ दिवसांना गर्भपाताचा निर्णय घेतला. वार आणि ऊतींचे नमुने तपासणीला गेले.

दरम्यान महापालिकेच्या कीटक पथकाला या जोडप्याच्या फ्रिजच्या मागच्या ट्रेमध्ये झिका पसरवणाऱ्या एडिस डासाच्या अळ्या मिळाल्या. अंड्यापासून डास व्हायला उन्हाळ्यात-पावसाळ्यात आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून तो ट्रे आठवड्यातून एकदा रिकामा करून घासायला सांगतो. अंडी कडेला चिकटतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत. नवऱ्याला लक्षणं नव्हती तरी तीन महिने निरोध सांगितला, कारण वीर्यात विषाणू रक्तापेक्षा कितीतरी जास्त काळ टिकतो.

त्याच आठवड्यात दुसरी एक बाई आली, लागण तिसाव्या आठवड्यात, सोनोग्राफीत सगळं ठीक. तिला घरी पाठवताना कागदावर लिहून दिलं: दर तीन-चार आठवड्यांनी घेर. जन्मानंतर चोवीस तासांत टेपने डोकं मोजायचं, भुवयांच्या वरून मागच्या उंचवट्यावरून, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा, कारण प्रसूतीत डोक्याचा आकार दबतो. पहिल्या महिन्यात डोळ्यांचा पडदा बाहुली मोठी करून आणि ऐकण्याची तपासणी. नंतर वर्षभर दर भेटीला घेर तक्त्यावर. जन्मताना डोकं नॉर्मल असलेल्या काही बाळांची वाढ पुढच्या महिन्यांत थबकल्याचं ब्राझीलमध्ये दिसलं आहे. तो कागद तिने लसीकरणाच्या कार्डाला पिन केला.