विसरलेली सबस्क्रिप्शन्स: रकमेऐवजी दिवसांचं अंतर

स्टेटमेंटमधून विसरलेली सबस्क्रिप्शन्स शोधणारी माझी शीट गेल्या नोंदीपर्यंत रकमेवर चालत होती: एकच रक्कम तीनदा दिसली की ओळ पिवळी. आता रक्कम बाजूला ठेवली आहे आणि एकाच नावाच्या दोन व्यवहारांमध्ये किती दिवस गेले, एवढंच मोजतोय. सबस्क्रिप्शनची रक्कम बदलत राहते. कधी दर वाढतो, कधी कर बदलतो, आणि परकीय चलनात आकारणी होत असेल तर दर महिन्याला आकडा वेगळा येतो. वसुलीचा दिवस मात्र फारसा हलत नाही.

स्टेटमेंट बारा महिन्यांचं, सीएसव्ही स्वरूपात. बँक खात्याबरोबर क्रेडिट कार्डाचं स्टेटमेंटही त्याच शीटमध्ये खाली चिकटवायचं. खात्यात कार्डाच्या बिलाची एकच ठोक ओळ येते आणि सगळी गंमत तिच्या पोटात असते. दोन्ही एकत्र केल्यावर ती ठोक ओळ काढून टाकली की झालं. माझे कॉलम असे: A तारीख, B तपशील, C खर्च झालेली रक्कम, D कुठलं खातं.

तारखांपाशी थोडं थांबावं लागतं, कारण पुढचं सगळं गणित त्यांच्यावर उभं आहे. शीटला दिवस आधी की महिना आधी हे चुकीचं कळलं तर 03/04 ही तारीख गुपचूप उलटी होते आणि कुठेही एरर दिसत नाही. ओळखायची खूण सोपी आहे: तारखांचा कॉलम नुसता वरून खाली बघा. बाराच्या पुढच्या दिवसांच्या तारखा, म्हणजे १३ ते ३१, डावीकडे चिकटलेल्या आणि बाकीच्या उजवीकडे असतील, तर डावीकडच्या मजकूर म्हणून आल्या आहेत आणि उजवीकडच्या बहुतेक उलट्या वाचल्या गेल्या आहेत. अशा वेळी एकेक तारीख सुधारत बसू नका. शीटचं लोकेल बदलून फाइल पुन्हा आयात करा.

मग नावांची साफसफाई. बँकेच्या तपशिलात व्यवहार क्रमांक, तारीख, चांदण्या असं बरंच काही असतं, त्यामुळे एकाच कंपनीच्या बारा ओळी बारा वेगळ्या दिसतात. गूगल शीट्समध्ये मी E कॉलमला हे वापरतोय:

```
=LEFT(REGEXREPLACE(TRIM(REGEXREPLACE(UPPER(B2),"[^A-Z]+"," ")),"^((POS|PAYPAL|SQ) )+",""),10)
```

आतला भाग अक्षरं सोडून सगळं पुसतो, बाहेरचा भाग सुरुवातीचे मध्यस्थ शब्द काढतो, आणि उरलेल्यातली पहिली दहा अक्षरं ‘ओळखनाव’ म्हणून राहतात. `PAYPAL *` किंवा `SQ *` असं पुढे लागलं असेल तर खरा विक्रेता त्याच्या मागे असतो, म्हणून ते काढायचं. तुमची बँक सुरुवातीला जे शब्द लावत असेल ते त्या कंसात उभ्या रेघेने वाढवा. दहाच अक्षरं का? नावं मुळातच कापून येतात आणि शेपटीकडे शहर किंवा व्यवहाराचा अक्षरी कोड चिकटतो. शेपूट सोडली की ओळी जुळतात. दोन वेगळ्या कंपन्यांची पहिली दहा अक्षरं सारखी निघाली तर तेवढ्या ओळखनावापुरता आकडा वाढवायचा. लिब्रेऑफिसवाल्यांनी `REGEXREPLACE` च्या जागी `REGEX` वापरावं आणि शेवटी `"g"` द्यायला विसरू नये, नाहीतर पहिलीच जुळणी बदलते.

E कॉलमचे फॉर्म्युले फक्त मूल्यं म्हणून पेस्ट करून घेतले, मग शीट आधी E ने आणि त्यानंतर A ने क्रमाने लावली. F मध्ये अंतर:

```
=IF(E2=E1,A2-A1,"")
```

हा कॉलम संख्या म्हणून फॉरमॅट करा. नाहीतर ३१ च्या जागी भलतीच जुनी तारीख दिसते. शेजारच्या टॅबवर ओळखनावांची यादी `UNIQUE` ने काढली आणि प्रत्येकापुढे `COUNTIF` ने एकूण वेळा, `MINIFS` आणि `MAXIFS` ने सगळ्यात लहान-मोठं अंतर, आणि हे मधलं अंतर मांडलं (मूळ शीटचं नाव `Data`):

```
=IFERROR(MEDIAN(FILTER(Data!F$2:F,Data!E$2:E=A2)),"")
```

सरासरी न घेता मध्यक घेतला, कारण एखाद्या महिन्यात वसुली फसली तर एकच अंतर ६० च्या आसपास जातं. सरासरी त्या एका आकड्यामागे वाहवत जाते, मध्यक जागचा हलत नाही.

२०२५ च्या माझ्या स्टेटमेंटमधलं एक उदाहरण बघा (नाव सांगत नाही). कागद स्कॅन करायचं एक ॲप, वसुली दर महिन्याच्या १४ तारखेला, आकारणी परकीय चलनात. रकमा ४१२.६०, ४१८.१५, ४०९.९० अशा वरखाली होत होत्या, त्यामुळे जुन्या पद्धतीत ही ओळ कधी पिवळी झालीच नाही. अंतरं मात्र अशी आली: ३१, २८, ३१, ३०, ३३, २८, ३१, ३२, २९, ३१, ३१. मधलं अंतर ३१, किमान २८, कमाल ३३. त्यातला ३३ बघून क्षणभर शंका येते, पण १४ जून २०२५ ला शनिवार होता आणि बँकेने नोंद सोमवारी १६ ला घातली. म्हणून त्याच्या लगेच पुढचं अंतर २८ आहे. एक अंतर जेवढं लांबलं तेवढं पुढचं आखडतं. अंतरांची ही जोडी दिसली की समोर यंत्राने ठरवलेली वसुली आहे असं समजायला हरकत नाही. माणूस मनाने खरेदी करतो तेव्हा असा हिशेब चुकता होत नाही.

यावरून माझी चाळणी अशी ठरली: मधलं अंतर २७ ते ३२ आणि, वसुली फसलेला एखादा महिना सोडला तर, कमाल ३६ पर्यंत असेल तर मासिक, ८९ ते ९२ असेल तर तिमाही, ७ असेल तर साप्ताहिक. प्रत्येक अंतर २८ च्याच आसपास येत असेल तर ती दर चार आठवड्यांची वसुली असते, म्हणजे वर्षात बाराऐवजी तेरा हप्ते. जाहिरातीत ती मासिक म्हणूनच वाचली जाते, हे मला जरा खटकतं. भाडं, वीज, कर्जाचा हप्ता, विमा हेही या चाळणीत अडकणारच. त्यांच्यापुढे एकदा ‘माहीत आहे’ लिहून फिल्टरने लपवायचं. उरलेली यादी छोटी असते, आणि त्यापुढे मी एकच कॉलम ठेवलाय: शेवटचं कधी वापरलं. तो हातानेच भरावा लागतो.

ॲप स्टोअरमधून जाणारे पैसे हे या पद्धतीचं दुखणं. तिथे दोन-तीन सबस्क्रिप्शन्स एकाच ओळखनावाखाली येतात. एकाची वसुली ५ तारखेला, दुसऱ्याची १९ ला असेल तर जानेवारीपासून अंतरं १४, १७, १४, १४, १४, १७ अशी पडतात आणि चाळणी म्हणते, हे मासिक नाही. इथे लागोपाठच्या दोन अंतरांची बेरीज करून बघायची: ३१, २८, ३१. बेरीज महिन्याएवढी येत असेल तर आत दोन जण आहेत, तीन अंतरांची येत असेल तर तीन. एवढ्याच ओळखनावांसाठी मग रक्कम परत आणायची. ओळखनाव आणि रक्कम जोडून नवं ओळखनाव करा, नव्याने क्रम लावा, अंतरं आपोआप सुटी होतात:

```
=E2&"|"&ROUND(C2,0)
```

काही स्टोअर जवळजवळच्या दोन खरेद्या एकाच बिलात जोडतात. तसं झालं तर स्टेटमेंटमधून कितीही खोदलं तरी उत्तर मिळत नाही, स्टोअरमधला खरेदीचा इतिहासच उघडावा लागतो. मोबाइलच्या बिलात चढवलेली किंवा वॉलेटमधल्या शिलकीतून जाणारी सबस्क्रिप्शन्सही इथे दिसत नाहीत.

आता वार्षिक. बारा महिन्यांत वार्षिक वसुली एकदाच येते, म्हणजे अंतरच तयार होत नाही. ‘मग चौदा महिने घ्या’ असा सल्ला बरेचदा दिला जातो, पण हिशेब करून बघा: चौदा महिन्यांच्या स्टेटमेंटमध्ये फक्त पहिल्या दोन महिन्यांतली वार्षिक वसुली दुसऱ्यांदा दिसते. सगळ्या वार्षिक वसुल्या दोनदा दिसायला पुरी दोन वर्षं लागतात. तेवढं जुनं स्टेटमेंट सहज मिळत असेल तर जरूर घ्या. मी एका वर्षावरच भागवतोय, आणि ते असं: एकूण वेळा १ असलेल्या ओळी वेगळ्या काढल्या, त्यातल्या प्रत्यक्ष दुकानात कार्ड घासलेल्या ओळी वगळल्या, आणि उरलेल्यांपुढे पुढची संभाव्य तारीख टाकली:

```
=EDATE(A2,12)
```

त्या तारखेने क्रम लावला की यादी ‘काय गेलं’ वरून ‘काय जाणार’ वर येते. सगळ्यात वर पुढच्या काही आठवड्यांतली नूतनीकरणं, आणि तपासायची घाई फक्त तेवढ्यांचीच. एखादं नाव ओळखीचं वाटत नसेल तर ईमेलमध्ये नाव शोधू नका, तारीख शोधा. स्टेटमेंटवर बरेचदा कंपनीचं कायदेशीर नाव असतं आणि पावतीवर ॲपचं, पण नोंदीच्या आदल्या तीन-चार दिवसांतली पावती आणि रक्कम जुळतात.

यादीच्या शेवटी ‘बंद केलं’ असा कॉलम आहे, त्यात तारीख. शेजारी `MAXIFS` ने काढलेली शेवटच्या वसुलीची तारीख अधिक मधलं अंतर, म्हणजे पुढची वसुली कधी अपेक्षित होती ते. दर महिन्याला नवं स्टेटमेंट खाली जोडतो. बंद केल्यानंतरची वसुली आली तर ओळ लाल होते. अपेक्षित तारखेवर दहा दिवस उलटूनही काही आलं नाही तर हिरवी. स्कॅनिंगचं ॲप हिरवं झालंय. स्टोअरमधलं एक अजून पांढरंच आहे, त्याची तारीख यायची आहे. कार्ड बदललं म्हणून मी कुठलीच ओळ हिरवी करत नाही, कारण कार्डाचा नवा नंबर विक्रेत्यापर्यंत आपोआप पोचवायची सोय कार्ड नेटवर्क्सकडे असते आणि वसुली नव्या कार्डावर बिनबोभाट चालू राहू शकते. म्हणून नव्या कार्डाचं स्टेटमेंटही याच शीटमध्ये, D कॉलमला वेगळं नाव देऊन.