पाच आठवडे मी त्यांची वाट पाहत होतो, अन ते माझी

मिहानमधल्या एका कंपनीत अकाउंट्सच्या पोस्टसाठी पहिला राउंड झाला, चांगला झाला. एचआर मॅडम म्हणाल्या आठ-दहा दिवसात कळवतो, कार्डही दिलं. त्यानंतर सगळं शांत. दहाचे वीस दिवस झाले, तीस झाले. बाबा रोज जेवताना विचारायचे "काय झालं बे त्या मिहानवाल्यांचं?" अन मी म्हणायचो येईल. फॉलोअप करायची लाज वाटायची, उगाच मागे लागल्यासारखं दिसतं ना.

शेवटी पाचव्या आठवड्यात ताईच म्हणाली, नाही म्हणाले तर निदान कळेल तरी, टाक मेल. मग एका मंगळवारी सकाळी कार्डावरच्या पत्त्यावर चार ओळी टाकल्या. सब्जेक्टमध्ये पोस्टचं नाव अन इंटरव्ह्यूची तारीख, खाली एकच प्रश्न की प्रोसेस कुठपर्यंत आली. "अजून उत्तर नाही आलं" वगैरे रडगाणं मुद्दाम टाळलं.

दुपारी रिप्लाय. मॅडमनी लिहिलं होतं की दुसऱ्या राउंडच्या टेस्टची लिंक तुम्हाला दोनदा पाठवली, तुम्हीच उत्तर दिलं नाही, म्हणून सिस्टीममध्ये तुमचं नाव 'नॉट रिस्पॉन्डिंग' करून बंद केलं!

मी स्पॅम पाहिलं, प्रमोशन्स पाहिलं, कुठेच काही नाही. मॅडमला फोन करून विचारलं लिंक कोणत्या पत्त्यावर गेली. त्यांनी वाचून दाखवला तर माझ्या आयडीच्या आधी एक जास्तीचा m. पहिल्या राउंडचं त्यांनी फोनवरूनच ठरवलं होतं म्हणून हे तोपर्यंत कळलंच नाही.

आता हा m आला कुठून? नेटवरून घेतलेल्या रेझ्युमे टेम्प्लेटमध्ये ईमेलच्या आधी छोटं पाकिटाचं चित्र होतं. दिसायला चित्र, पण खरं तर आयकॉन फॉन्टमधला m. पोर्टलवर पीडीएफ टाकली की ते त्यातली अक्षरं वाचून फॉर्म आपोआप भरतं, त्याने m पत्त्याला चिकटवला अन मी न वाचता नेक्स्ट-नेक्स्ट दाबत गेलो. त्यांचे मेल बाऊन्स झाले असतील, पण ते नो-रिप्लायवरून जातात, परत आलेलं कोण पाहते?

तुम्ही पण पाहून घ्या, पीडीएफ उघडा, `Ctrl+A`, `Ctrl+C`, अन नोटपॅडमध्ये पेस्ट करा. तिथे जे दिसते साधारण तेच पोर्टलला दिसते. माझ्यात फोन नंबरच्या आधी पण p होता, नशीब की नंबरच्या रकान्यात फक्त आकडेच गेले. आता चित्रं काढून साधं "ईमेल:" लिहिलं, पण जुने जे अर्ज गेले त्यांच्या प्रोफाईल एकेक उघडून दुरुस्त करून राहिलो, अकरापैकी चार ठिकाणी तोच m निघाला.

मॅडमनी नाव परत चालू केलं, लिंक दिली, 48 तासांची मुदत. टेस्ट झाली, शुक्रवारी मॅनेजरसोबत राउंड आहे. बाबांना अजून m चं सांगितलं नाही.