फ्यूज बॅटरीपाशीच का: व्हॅनमधलं सोलर

"दादा, ट्रॅव्हलरवर 200 वॅटची दोन पॅनेल सिरीजमध्ये टाकलीत, 30 अँपिअरचा एमपीपीटी कंट्रोलर आणि 100 एएचची लिथियम बॅटरी आणलीय. आता फ्यूज नेमका कुठे लावू, आयसोलेटर कुठे, आणि बॅटरी कुठे ठेवू?"

तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न मला बरेच जण विचारतात आणि बहुतेकांच्या डोक्यात पॅनेलचीच भीती असते. खरं तर जास्त धोका बॅटरीकडून आहे. तुमची पॅनेल सिरीजमध्ये आहेत, म्हणजे वायर शॉर्ट झाली तरी त्यातून फार तर 10 अँपिअर वाहणार, जे नेहमीच्या करंटपेक्षा थोडंसंच जास्त आहे, त्यामुळे तिथे फ्यूज लावला तरी तो उडणारच नाही. बॅटरी मात्र शॉर्ट झाली की क्षणात हजारो अँपिअर ढकलू शकते. बॅटरीच्या आतलं संरक्षण सर्किट, म्हणजे बीएमएस, ते तोडतं म्हणतात, पण आगीपासूनचं एकमेव संरक्षण म्हणून मी बीएमएसवर विसंबणार नाही.

फ्यूज वायरला वाचवायला असतो, म्हणून तो बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात हवा. मध्यंतरी एकाची व्हॅन बघितली, त्याने फ्यूज नीट लावला होता पण कंट्रोलरजवळ, आणि मधली दीड मीटर वायर सीटखालच्या पत्र्याच्या भोकातून रबरी ग्रोमेट न लावता ओढलेली. गाडीच्या हादऱ्यांनी कडेवर घासून इन्सुलेशन गेलं होतं, लाल कव्हरमधून तांबं चमकत होतं. गाडीची बॉडी म्हणजे मायनस, त्यामुळे तिथे टेकलं असतं तर तो फ्यूज नुसता बघत बसला असता, कारण शॉर्टचा करंट त्याच्यातून जातच नाही.

तुमच्या केसमध्ये बॅटरीच्या प्लसवर 100 अँपिअरचा क्लास टी फ्यूज, पुढे 25 स्क्वेअर एमएमची वायर एका बसबारपर्यंत, म्हणजे तांब्याच्या जोडपट्टीपर्यंत. क्लास टी महाग वाटेल, पण साधा ब्लेड फ्यूज एवढा मोठा शॉर्ट करंट तोडायला बनलेलाच नसतो, आतली पट्टी वितळली तरी आर्क, म्हणजे हवेतून वाहणारा करंट, चालू राहू शकतो. बसबारवरून दोन फाटे निघतात, एक आयसोलेटरमधून, म्हणजे मेन स्विचमधून, पंखे, फ्रिज, लाइटकडे, दुसरा 40 अँपिअरच्या मिडी फ्यूजमधून थेट कंट्रोलरकडे. त्याला 10 स्क्वेअरची वायर घ्या, बारीक नको. दीड मीटरवर 4 स्क्वेअर घातली तर 40 चा फ्यूज तिला नीट वाचवत नाहीच, शिवाय 30 अँपिअरला जाऊन-येऊन साधारण 0.45 व्होल्ट पडतात, म्हणजे कंट्रोलरला 14.2 दिसतात आणि बॅटरीला 13.75 च मिळतात, मग तो बॅटरी भरत आली समजून लवकर हात आखडता घेतो. भर दुपारी चार्जिंग जोरात चालू असताना मल्टीमीटरने कंट्रोलरच्या टर्मिनलवर आणि बॅटरीच्या टर्मिनलवर मोजा. फरक 0.2 च्या वर असेल तर वायर बारीक आहे किंवा वायरच्या टोकाचा एखादा लग ढिला आहे, हात लावलात तर तो लग गरम लागेल.

आता आयसोलेटर. कंट्रोलरचा फाटा त्याच्या आधीच घ्यायचा, म्हणजे गाडी महिनाभर उभी असली आणि मेन बंद केलं तरी चार्जिंग चालू राहतं. उलट केलंत तर मेन बंद करताच बॅटरी सुटते पण डोक्यावरचं पॅनेल चालूच राहतं, आणि हे बऱ्याच कंट्रोलरना चालत नाही. कामासाठी बॅटरी काढतानाही हेच होतं, म्हणून पॅनेल आणि कंट्रोलरच्या मध्ये दुसरा आयसोलेटर लागतोच. काम करताना आधी पॅनेल बंद, मग बॅटरी काढा. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल, कारण सिस्टिम 12 व्होल्टची की 24 ची हे कंट्रोलर बॅटरी बघून ठरवतो. हा आयसोलेटर डीसीचाच घ्या! सिरीजमध्ये उघडं व्होल्टेज 48 च्या आसपास जातं, आणि घरातला एसी एमसीबी डीसीचा आर्क विझवेल याचा भरवसा नाही, इलेक्ट्रिशियन कितीही म्हणाला "चालतंय की". डीसी एमसीबी घेतलात तर त्यावर प्लस-मायनसची खूण आहे का बघा, असेल तर तसाच जोडा, उलटा लावला तर तोही आर्क तोडताना जळू शकतो.

बॅटरी मागच्या बाकाखाली, फ्लोअरच्या जवळ, दोन्ही चाकांच्या ॲक्सलमध्ये ठेवा आणि पट्टा फ्लोअरला बोल्ट करून बांधा, नुसता वेल्क्रो नको, ब्रेक मारल्यावर दहा-बारा किलो पुढे येतात. इंजिनजवळ नको, तिथली उष्णता लिथियमचं आयुष्य खाते. स्पितीला जाणार असाल तर केबिनच्या आतच हवी, सेल 0 डिग्रीच्या खाली असताना लिथियम चार्ज करायची नसते, बीएमएसमध्ये लो टेम्परेचर कटऑफ आहे का ते विकणाऱ्याला आधीच विचारा. आणि पुढेमागे ट्युब्युलर लेड ॲसिड घातलीत तर हीच जागा चालणार नाही, ती चार्ज होताना हायड्रोजन सोडते, तिला बंद पेटी आणि पेटीच्या वरच्या भागातून बाहेर जाणारा व्हेंट लागतो.