तुम्ही विचारलंत म्हणून: वहीतला गोळाभात

"काकू, आजींच्या वहीत गोळाभात किती छान लिहिलाय! त्याचं हे डॉक्टरच्या चिठ्ठीसारखं कार्ड काहून करून ठेवलं?"

छान लिहिलाय, हे मलाही मान्य आहे. फक्त विचारणाऱ्यांपैकी कोणी ते वाचून गोळाभात केलेला नाही. आधी वहीतला मजकूर जसाच्या तसा देते, म्हणजे पुढचं बोलता येईल.

"तांदूळ दोन वाट्या धुऊन भात टाकावा. भरडा भिजवून लिंबाएवढे गोळे करावे, त्यात नेहमीसारखं तिखट, मीठ, हळद, हिंग, मोहन. ओवा हाताला लागेल तेवढा. भात अर्धा झाला की गोळे ठेवून झाकावं, मग हलवू नये. भरडा जाड असावा, बेसनाचा लगदा होतो. गोळे आधीच करून ठेवलेले बरे, नाहीतर भात पुढे जातो. वाढताना वरून लसणाची फोडणी, तेल कढत. सोबत चिंचेचं सार."

सासूबाईंनी हे स्वतःसाठी लिहिलं होतं. ज्या बाईला गोळाभात येतो तिच्यासाठी यात एक शब्द कमी नाही. जिला येत नाही तिनं मात्र वरून वाचत वाचत करायला घेतलं तर चौथ्या वाक्यापर्यंत चुलीवर भात अर्धा झालेला असतो, आणि सहाव्या वाक्यात तिला कळतं की गोळे आधी करून ठेवायचे होते. बोलताना माणूस आठवेल तसं सांगतो, करताना हात त्या क्रमानं चालत नाहीत. म्हणून मी कार्ड करायला घेतलं. त्यात माझं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. चुकलं ते पहिलं कार्ड.

ते मी एका दुपारी केलं. नावं उचलून डावीकडे साहित्य, क्रियापदं उचलून उजवीकडे कृती, इतकं सोपं वाटलं होतं. साहित्यात लिहिलं: तांदूळ २ वाट्या, भरडा दीड वाटी, तेल पाऊण वाटी, तिखट, मीठ, हळद, हिंग, ओवा आणि शेवटी "फोडणीचे साहित्य". कृतीच्या पायऱ्या पाच. भात टाका. भरड्यात तेल व मसाला घालून भिजवा, गोळे करा. १० मिनिटांनी गोळे भातात ठेवून झाका. शिजल्यावर उतरवा. वरून फोडणी घाला. ते दहा मिनिटं कुठून आले? "अर्धा झाला की" हे मला कार्डावर गावंढळ वाटलं. घड्याळ लावून माझ्या गॅसवर मोजलं, दहा मिनिटं आली, लिहिली. कार्ड म्हटलं की आकडा पाहिजे, असं तेव्हा माझं मत होतं.

तान्ह्या पोळ्याच्या संध्याकाळी घरात चौदा माणसं होती. आदल्या दिवशीच्या पुरणानं सगळ्यांची तोंडं गोड गोड झालेली, म्हणून गोळाभात ठरला. ऐन वेळी सिलिंडर संपलं. पुतण्याचं लग्न होऊन चार महिने झाले होते, सून सांगलीकडची. ती म्हणाली, "काकू, मी करते, तुमचं कार्ड आहे ना!" मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मी पोरांचे लाकडी बैल पाहायला बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

कार्ड चार जणांचं, तिनं सगळं तिप्पट केलं. मागच्या अंगणातल्या चुलीत पऱ्हाट्या होत्या आणि त्या महिन्याभराच्या पावसानं सादळलेल्या. पातेलं मोठं, पाणी तिप्पट, जाळ अर्धा. तिनं मोबाइलवर बरोबर दहा मिनिटं लावली. दहा मिनिटांत पाण्याला जेमतेम उकळी आली होती, तांदूळ खाली बसलेले आणि वर टीचभर पाणी. त्या पाण्यात तिनं एक एक करत गोळे सोडले.

गोळे तरी घट्ट असते तर थोडे टिकले असते. साहित्यात तेल एकदाच होतं, आणि फोडणीचं साहित्य वेगळं लिहिलेलं, म्हणजे हे सगळं तेल भरड्यातलंच, असा तिनं अर्थ लावला. मी तिच्या जागी असते तर मीही तोच लावला असता. साडेचार वाट्या भरड्यात तिनं सव्वादोन वाट्या तेल ओतलं. इतक्या तेलात भरडा धरूनच येत नाही, मुठीत दाबला तर तेल सुटतं आणि बोटं उघडली की गोळा भेगाळतो. नंतर ती मला म्हणाली, "मला शंका आली होती, पण वाटलं, तुमच्याकडे तेल जास्तच घालतात." यावर काय बोलणार? घालतोच आम्ही, पण वरून.

झाकण काढलं तेव्हा पातेल्यात पिवळं पिठलं आणि त्यात अर्धे कच्चे तांदूळ होते. वर तेलाचा तवंग. एकही गोळा नाही. मोठ्या दिरांनी चमचा घालून पाहिला आणि म्हणाले, "आईचा गोळाभात असा नव्हता व." सून म्हणाली, "मी कार्डाप्रमाणेच केलं." आणि मी, चौदा माणसांसमोर म्हणाले, "गोळाभात कार्डानं नाही होत, हात लागतो त्याले." माझंच कार्ड होतं! ती आत गेली. शेवटी शेजारून भाकरी आल्या, आम्ही ठेचा आणि ताक घेऊन जेवलो. तिनं काही खाल्लं नाही.

रात्री वही आणि कार्ड शेजारी ठेवून बसले. आधी तिची चूक शोधत होते, हेही सांगते. माझ्या जावेनं तेच कार्ड वापरलं होतं आणि तिचा गोळाभात झाला होता, असा माझा युक्तिवाद होता. मग लक्षात आलं की जावेला कार्डाची गरजच नव्हती. ज्याला येतं त्याच्या हातून कार्ड कधीच नापास होत नाही.

त्या रात्री पेन्सिल घेऊन एक काम केलं, जे आता प्रत्येक कृतीला करते. साहित्यातला एक एक जिन्नस घ्यायचा आणि तो कृतीत कितव्या पायरीला पडतो तो आकडा त्याच्यापुढे लिहायचा. तेलापुढे तीन आकडे आले: मोहन, भाताच्या पाण्यात चमचाभर, वरची फोडणी. मिठापुढे दोन. पाणी तर यादीत नव्हतंच, भाताचंही नाही आणि भरड्याचंही नाही. मग उलट बाजूनं, कृतीतला प्रत्येक जिन्नस यादीत आहे का ते पाहिलं. "फोडणीचे साहित्य" या दोन शब्दांत लसूण, मोहरी, लाल मिरची, हिंग लपले होते. सारात चिंच आणि गूळ होते, पण सार ही वेगळीच कृती आहे, तिला तिचं कार्ड दिलं.

तेल आता असं लिहिलं आहे: "तेल, मोहनाला २ चमचे (पोह्याचे); तेल, भातात १ चमचा; तेल, वरच्या फोडणीला अर्धी वाटी." एकच जिन्नस तीनदा लिहिला म्हणून एक भाची हसली होती. हसू दे. वाटीचंही ठरवलं: माझ्या वाटीत पाणी १५० मिली मावतं, ते वर कोपऱ्यात आहे. शेजारी "४ जणांसाठी".

मग क्रम. सासूबाईंचं सहावं वाक्य उचलून पहिल्या पायरीला नेलं:

१. भरड्यात मोहन, तिखट, हळद, हिंग, ओवा, मीठ कालवा. अर्धी वाटी पाणी थोडं थोडं घालत भिजवा. मुठीत दाबल्यावर बोटांचे ठसे राहिले पाहिजेत. १५ मिनिटं झाकून ठेवा.
२. लिंबाएवढे गोळे करून ताटात मांडा. हे झाल्याशिवाय भात टाकू नका.
३. ५ वाट्या पाण्याला उकळी आणा, मीठ, चमचाभर तेल आणि धुतलेले तांदूळ घाला. झाकण नको.
४. वरचं पाणी दिसेनासं होऊन भातावर भोकं पडली की (गॅसवर साधारण १० मिनिटं) गोळे वर अलगद ठेवा. जाळ कमी करा, झाका, हलवू नका.
५. १५ मिनिटांनी एक गोळा मोडून पाहा. मधोमध ओलसर पीठ दिसलं किंवा कच्चा वास आला तर आणखी ५ मिनिटं.
६. तेल कढत करून लसणाची फोडणी करा, वाढताना वरून घाला.

चौथी पायरी पाहा. आधी डोळ्याला दिसणारी खूण आहे, मिनिटं कंसात गेली. साहित्य तिप्पट होतं, मिनिटं तिप्पट होत नाहीत आणि तेवढीच राहतही नाहीत, ती जाळावर आणि पातेल्यावर आहेत. भोकं मात्र चुलीवरही पडतात, गॅसवरही. "अर्धा झाला की" मध्ये सासूबाईंनी हेच सांगितलं होतं, मी ते गावंढळ म्हणून खोडलं. म्हणजे वहीचं ऐकायला हवं होतं, असं तुम्ही म्हणाल. पण "अर्धा" वाचून सांगलीच्या पोरीला भोकं दिसली असती का? नसती. तिनं दाणा दाबून पाहिला असता, आणि दाणा अर्धा शिजतो तेव्हा पाणी बरंच उरलेलं असू शकतं. या वादात मी वहीच्या बाजूला पूर्ण नाही आणि माझ्याही नाही.

"नेहमीसारखं तिखट" अजून अडलेलं आहे. जावेला विचारलं, ती दोन चमचे म्हणाली. नणंद म्हणाली, "चार, कमी कायले?" शेजारच्या म्हातारीनं चमचा कधी वापरलाच नव्हता, तिनं ओंजळ दाखवली. मी तीन लिहिलं. ते सासूबाईंचं नाही, माझं आहे, आणि कार्डावर वर नाव मात्र त्यांचं आहे. ओव्यापुढे अर्धा चमचा लिहिला, खोडला, परत लिहिला. "हाताला लागेल तेवढा" हे बोटांचं माप आहे, आणि ती बोटं आता नाहीत. तुमचा राग बहुतेक याच जागेवर असतो. तो मला कळतो. पण वही मी फाडलेली नाही, कपाटात आहे, जिला वाचायची तिनं वाचावी.

नवं कार्ड करून मी सुनेकडे दिलं. जिला येत नाही तिच्या हातून झाल्याशिवाय कार्ड पक्कं धरायचं नाही, हे मी ठरवलं होतं, आणि घरात तशी ती एकटीच होती. हे मी तिला असंच सांगितलं, माफी वगैरे काही मागितली नाही. तिनं केलं. गोळे टिकले, एक फुटला. कार्ड परत आलं तेव्हा चौथ्या पायरीशेजारी तिच्या अक्षरात पेन्सिलीनं लिहिलेलं होतं, "भोकं म्हणजे डोशासारखी." आणि सगळ्यात खाली, "चूल असेल तर कोरड्या पऱ्हाट्या आणि शेजारी काकू." पहिली ओळ मी शाईनं पक्की केली. दुसरी अजून पेन्सिलीतच आहे.